शिक्क्याचे दडपण : परीक्षेतील एका अदृश्य अडथळ्याचा इतिहास

परीक्षेचा निकाल हा विद्यार्थ्याच्या बुद्धीचा आणि अभ्यासाचा आरसा आहे, असे आपण धरून चालतो. आजारपण, जागरण, घरातले दुःख अशा कारणांनी आरसा क्वचित धूसर होतो, हेही आपण मान्य करतो. परंतु विद्यार्थी धडधाकट आहे, त्याचा अभ्यास पक्का आहे, तपासणारा निःपक्षपाती आहे, आणि तरीही केवळ तो ज्या समाजगटात जन्मला त्या गटाविषयी लोक काय समजतात एवढ्या जाणिवेने त्याचे गुण घटू शकतात काय? हा प्रश्न गेली साठ वर्षे मानसशास्त्रज्ञ विचारत आले आहेत. त्याची उत्तरे कशी मिळाली, त्यांतली कोणती टिकली आणि कोणती डळमळली, याचा इतिहास येथे आपल्यापुढे ठेवायचा आहे.

आरंभी एका शब्दाविषयी. इंग्रजीतील ‘स्टिरिओटाइप’ हा शब्द मुळात छापखान्यातला. जुळवलेल्या खिळ्यांवरून धातूचा एकसंध ठसा ओतून घ्यायचा आणि त्यावरून हव्या तितक्या प्रती काढायच्या, या पद्धतीचे ते नाव. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी 1922 साली तो शब्द माणसांविषयीच्या ठरीव कल्पनांना लावला. एका गटातला प्रत्येक माणूस जणू एकाच ठशावरून काढलेली प्रत, असे मानण्याची ही सवय. आपल्या भाषेत याला ‘शिक्का मारणे’ असा सरळ शब्दप्रयोग आहे. म्हणून ‘स्टिरिओटाइप थ्रेट’ या संज्ञेला या लेखात ‘शिक्क्याचे दडपण’ असे म्हणू.

हे दडपण म्हणजे उघड भेदभाव नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. उघड भेदभाव कसा असतो ते आपल्याला वेगळे सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असताना शिक्षकांनी त्यांना गणित सोडवण्यासाठी फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून इतर मुलांनी ते उचलण्यासाठी धाव घेतली, असा प्रसंग धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदवला आहे. तेथे अपमान समोर घडतो, करणारे दिसतात. येथे ज्याचा विचार करायचा ते याहून निराळे आहे. वर्गात कोणी धावत नाही, कोणी बोलत नाही, कदाचित कोणाच्या मनातही काही नसते; पण फळ्यापुढे उभ्या असलेल्या मुलाला ठाऊक असते की, आपण चुकलो तर ती केवळ आपली चूक धरली जाणार नाही. ‘ही मंडळी अशीच’ या जुन्या समजुतीला तो आणखी एक पुरावा ठरेल. या जाणिवेचे ओझे उत्तरावर पडते काय, हा प्रश्न आहे.

तो प्रयोगाने पाहण्याचा आरंभीचा एक महत्त्वाचा यत्न अमेरिकेत आयर्विन कॅट्झ यांनी केला. 1965 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात कृष्णवर्णीय महाविद्यालयीन तरुणांना अंकांच्या जागी ठरलेली चिन्हे भरण्याचे एक साधे काम देण्यात आले. काम तेच, काही जणांना सांगितले की ही बुद्धीची चाचणी आहे, इतरांना सांगितले की डोळा आणि हात यांचा मेळ किती जमतो ते पाहायचे आहे. चाचणी घेणारा गोरा असताना ‘हातडोळ्याचा मेळ’ म्हटल्यावर तरुणांनी चांगले काम केले आणि ‘बुद्धी’ म्हटल्यावर ते मागे पडले. चाचणी घेणारा कृष्णवर्णीय असताना हा प्रकार दिसला नाही. कागद तोच, पेन्सिल तीच. बदलले होते ते केवळ कामाचे नाव आणि समोर बसलेला माणूस. हे निष्कर्ष पुढे बरीच वर्षे फारसे चर्चेत राहिले नाहीत.

धागा पुन्हा उचलला तो क्लॉड स्टील यांनी. स्वतः कृष्णवर्णीय असलेले हे मानसशास्त्रज्ञ 1980 च्या दशकाच्या अखेरीस मिशिगन विद्यापीठात होते. तेथे अल्पसंख्य विद्यार्थ्यांच्या प्रश्नावर काम करताना एक आलेख त्यांच्या पाहण्यात आला. अमेरिकेत महाविद्यालयात प्रवेशासाठी एसएटी नावाची परीक्षा असते. तीत समान गुण मिळवून आलेले गोरे आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी पुढे विद्यापीठात मात्र समान गुण मिळवीत नव्हते. कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडत, आणि हे सर्वांत कमी गुणांच्या पायरीवर जसे दिसे तसेच वरच्या पायरीवरही दिसे. पूर्वतयारी कमी पडली म्हणावे, तर समान गुण घेऊन आलेल्या मुलांची तुलना चालली होती. मग आल्यावर काय घडत होते?

स्टील पुढे स्टॅनफर्डला गेले. तेथे जोशुआ अॅरन्सन यांच्यासह त्यांनी केलेले प्रयोग 1995 साली प्रसिद्ध झाले. त्यांची मांडणी जरा सविस्तर पाहू, कारण पुढचा सगळा वाद तीवरच उभा आहे.

पहिल्या प्रयोगात स्टॅनफर्डचेच शंभराहून थोडे अधिक गोरे आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. पदव्युत्तर प्रवेशासाठी जीआरई ही परीक्षा असते. तिच्यातले भाषेचे अवघड प्रश्न निवडून अर्ध्या तासाची प्रश्नपत्रिका केली होती. ती मुद्दाम अवघड होती. सोपी प्रश्नपत्रिका कोणीही सोडवतो. दडपण जाणवते ते कस लागल्यावर. काही विद्यार्थ्यांना सांगण्यात आले की, या चाचणीवरून तुमची भाषिक क्षमता कळेल. इतरांना सांगण्यात आले की, अवघड कोडी माणसे कशी सोडवतात याचा आम्ही अभ्यास करतो आहोत, तुमची क्षमता मोजायची नाही. प्रश्न सर्वांना तेच. ‘क्षमता कळेल’ असे ऐकलेले कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांच्या तुलनेत मागे पडले. ‘क्षमता मोजायची नाही’ असे ऐकलेल्या गटात, विद्यार्थ्यांचे पूर्वीचे एसएटी गुण जमेस धरल्यावर, दोघांची कामगिरी जवळपास सारखी आली. ‘पूर्वीचे गुण जमेस धरल्यावर’ हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. त्यांच्याकडे पुन्हा यायचे आहे.

दुसऱ्या प्रयोगात अवघ्या 40 विद्यार्थिनी होत्या आणि प्रश्न संगणकावर दिले होते, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला किती वेळ लागला हे मोजता आले. दडपणाखालच्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी कमी प्रश्न सोडवले, पण त्या प्रयत्न सोडून बसल्या नव्हत्या. उलट प्रत्येक प्रश्नावर त्यांचा वेळ अधिक जात होता. वाचलेले पुन्हा वाचावे, निवडलेले उत्तर पुन्हा तपासावे, असा हा प्रकार. आपल्याकडे असा विद्यार्थी पाहून ‘मनापासून करत नाही’ असे चटकन म्हटले जाते. येथे दिसले ते नेमके उलट, म्हणजे चूक होऊ नये म्हणून केलेली अति काळजी.

तिसरा प्रयोग मनात काय चालले आहे ते शोधण्यासाठी होता. परीक्षा होणार असे सांगून, ती सुरू होण्याआधी, अर्धवट अक्षरांचे शब्द पुरे करायला दिले. क्षमतेची परीक्षा होणार असे ऐकलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी वंशाशी आणि न्यूनत्वाशी संबंधित शब्द अधिक पुरे केले. त्यांना आवडीनिवडी विचारल्या तेव्हा बास्केटबॉल, जॅझ यांसारख्या, कृष्णवर्णीयांशी जोडल्या जाणाऱ्या गोष्टींपासून ते अंतर राखू लागले. आणि आपला वंश लिहिण्याची जागा आली तेव्हा या गटातील चौघांपैकी जेमतेम एकाने ती भरली. बाकी सर्व गटांत प्रत्येकाने भरली होती. चौथ्या प्रयोगात तर ‘क्षमता मोजायची नाही’ असे सांगूनही, परीक्षेच्या आधी केवळ वंशाचा रकाना भरायला लावला. तेवढ्यानेही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची कामगिरी खाली आली.

येथे कोणाला वाटेल की, हा त्या समाजाच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या न्यूनगंडाचा परिणाम असावा. स्टील आणि अॅरन्सन यांनी ही शंकाही तपासली. गणितात उत्तम असलेल्या गोऱ्या तरुणांना त्यांनी 1999 च्या एका प्रयोगात अवघड गणिते दिली आणि काहींना सांगितले की, आशियाई विद्यार्थी गणितात गोऱ्यांपेक्षा सरस का ठरतात याचा हा अभ्यास आहे. एवढे ऐकलेल्यांचे गुण घटले. गोऱ्या पुरुषांच्या मनात गणिताविषयी पिढीजात न्यूनगंड असण्याचे कारण नाही. म्हणजे दडपण माणसाच्या आत कायम वस्तीला नसते. ते प्रसंगात असते, आणि त्या प्रसंगी ज्याच्यावर शिक्का लागू पडतो त्याच्यावर येते. त्याच वर्षी स्टीव्हन स्पेन्सर, स्टील आणि डायन क्विन यांनी स्त्रिया आणि अवघड गणित यांविषयी तशाच स्वरूपाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘या चाचणीत स्त्रीपुरुषांत फरक आढळत नाही’ एवढे सांगितल्यावर फरक दिसेनासा झाला.

हे घडते कसे, याचे उत्तर पुढच्या दशकात टोनी श्मेडर आणि सहकाऱ्यांनी मांडले. हातचा धरून बेरीज करताना तो हातचा आपण ज्या ठिकाणी राखतो, त्या तात्पुरत्या स्मरणाला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात. तिची जागा फार थोडी असते. दडपणाखालचा विद्यार्थी त्याच जागेत आणखी तीन कामे करीत असतो. आपले बरोबर चालले आहे ना, यावर तो पाळत ठेवतो. मनात येणारे वाईट विचार दाबतो. आणि अंगाला आलेला ताण सोसतो. मग हातच्याला जागा उरत नाही. यावरून दोन गोष्टी समजतात. पाठ असलेल्या, सोप्या प्रश्नांवर या दडपणाचा फारसा परिणाम का होत नाही, ही एक; आणि ज्याला त्या विषयाची पर्वाच नाही त्याला ते का बाधत नाही, ही दुसरी. ते सर्वांत अधिक बाधते ते त्या विषयात आपली प्रतिष्ठा गुंतवलेल्या, चांगल्या विद्यार्थ्याला.

आता आपल्या देशाकडे येऊ. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला. 321 मुले सवर्ण मानल्या जाणाऱ्या जातींची आणि 321 खालच्या मानल्या गेलेल्या जातींची होती. सहा-सहा मुलांच्या गटाला कागदावर छापलेले चक्रव्यूह सोडवायला दिले. आत शिरून बाहेर पडण्याची वाट पेन्सिलीने काढायची. वेळ 15 मिनिटे, प्रत्येक सुटलेल्या चक्रव्यूहाला एक रुपया. हा खेळ शाळेत शिकवला जात नाही, म्हणून कोणाच्या शिकवणीचा वा घरच्या पुस्तकांचा लाभ येथे नव्हता. मुलांना एकमेकांची जात माहीत नसताना दोन्ही गटांत फरक आढळला नाही. मग दुसऱ्या काही गटांत सुरुवातीलाच प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वडिलांचे नाव, आजोबांचे नाव आणि जात मोठ्याने वाचण्यात आली. एवढे केल्यावर खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांनी सोडवलेल्या चक्रव्यूहांची संख्या साधारण पाचव्या हिश्श्याने घटली. त्यांना कोणी रागावले नव्हते, वेगळे बसवले नव्हते.

हॉफ आणि पांडे तेवढ्यावर थांबल्या नाहीत. आणखी एका प्रकारात बक्षीस मिळणार की नाही हे चिठ्ठी काढून ठरणार असे सांगितले, म्हणजे मोबदल्यात माणसाच्या मर्जीखेरीज दैवाचाही भाग आला. तेव्हा जातीजातींतली दरी दिसली नाही. यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष स्टील यांच्यापेक्षा थोडा वेगळा आहे. ही मुले मनात घाबरली होती असेच नाही. जात कळल्यावर आपल्या मेहनतीचे चीज होणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. आणि गावातला अनुभव पाहता तो अंदाज वेडगळ म्हणता येत नाही. कागदावर घट सारखीच दिसते. पण एका ठिकाणी मूल अति प्रयत्नाने अडखळते आणि दुसऱ्या ठिकाणी ते हात आखडता घेते. उपाय सुचवताना हा फरक विसरून चालत नाही. पहिल्याला निश्चिंतपणा हवा असतो, दुसऱ्याला न्याय मिळेल याची खात्री.

इथवरचा इतिहास वाचून शिक्क्याचे दडपण काढले की गुणांतली सारी दरी मिटेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेतील वृत्तपत्रांनी आणि काही पाठ्यपुस्तकांनीही तसेच लिहिले. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली या समजुतीवर बोट ठेवले. वर लक्षात ठेवायला सांगितलेले शब्द येथे कामाला येतात. समजा, शर्यतीत एक धावपटू दहा पावले मागून निघाला आणि दहा पावले मागेच पोचला. ही दहा पावले जमेस धरली तर दोघे सारखे धावले असे आपण म्हणू, आणि ते खरेही आहे. पण मूळचे दहा पावलांचे अंतर तसेच राहिले. स्टॅनफर्डच्या प्रयोगात पूर्वीच्या एसएटी गुणांचा फरक असा जमेस धरलेला होता. दडपण नसताना तो पूर्वीचा फरक कायम राहिला आणि दडपण येताच तो आणखी वाढला, एवढेच त्या प्रयोगाने दाखवले. शाळा, घर, गरिबी यांतून आलेली दरी नाहीशी झाली असे त्यात कोठेही नव्हते.

दुसरी शंका अधिक खोल होती. हे प्रयोग लहान होते. एकेका गटात मोजकी माणसे. आणि ज्या प्रयोगात परिणाम दिसतो तो नियतकालिकात छापला जातो, ज्यात दिसत नाही तो बहुधा कपाटात राहतो. पॉलेट फ्लोर आणि येल्टे विखर्ट्‌स यांनी मुली आणि गणित यांविषयीचे प्रयोग 2015 साली एकत्र तपासले, तेव्हा अशा निवडक छपाईच्या खुणा त्यांना आढळल्या. मग त्यांनी स्वतः, पद्धत आधी जाहीर करून, नेदरलँड्‌समधील दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलामुलींवर प्रयोग केला. 2018 साली निष्कर्ष आले. मुलींच्या गणितावर दडपणाचा परिणाम दिसला नाही. जेथे निकालाला खरे मोल असते अशा परीक्षांचा मागोवा घेतल्यावर, 2019 साली सॅकेट आणि सहकाऱ्यांना हा परिणाम नगण्य ते लहान एवढाच आढळला.

खऱ्या परीक्षेत केलेला एक प्रयोग तर या वादाचा नमुनाच ठरला. लॉरेन्स स्ट्रिकर आणि विल्यम वॉर्ड यांनी कलनशास्त्राच्या एका प्रत्यक्ष परीक्षेत काही विद्यार्थ्यांना वंश आणि लिंग हे रकाने आधी भरायला दिले, काहींना परीक्षा संपल्यावर. आपला अहवाल त्यांनी 2004 साली छापला आणि व्यवहारात दखल घ्यावी असा फरक नाही, असे म्हटले. केली डॅनहर आणि क्रिस्टियन क्रँडल यांनी 2008 साली तीच आकडेवारी निराळ्या निकषाने तपासली आणि म्हटले की, फरक लहान असला तरी तो रकाना शेवटी नेल्यास दरवर्षी सुमारे 4,700 अधिक मुलींना त्या विषयाचे श्रेय मिळेल. मूळ संशोधकांना हे मान्य झाले नाही. एका विद्यार्थिनीच्या गुणांत जो फरक जाणवणारही नाही, तो लाखो विद्यार्थ्यांच्या परीक्षेत उत्तीर्णतेच्या रेषेवर बसलेल्या कित्येकींचे भवितव्य ठरवू शकतो. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात त्यामुळे तथ्य आहे.

आज या इतिहासाच्या शेवटी उभे राहून आपण काय म्हणू शकतो? शिक्क्याचे दडपण हे गुणांमधल्या विषमतेचे मूळ कारण नाही, आणि प्रत्येक ठिकाणी ते सापडतेच असेही नाही. परंतु प्रश्न अवघड आहेत, विद्यार्थ्याला विषयाची आच आहे, शिक्का सर्वांना ठाऊक आहे आणि तो नुकताच आठवून दिला आहे, अशा ठिकाणी ते घडणे शक्य आहे. एखाद्या मुलाच्या बाबतीत ते ओळखायचे असेल तर एकूण गुण पाहून काही कळणार नाही. वर्गात, घरी, गप्पांत जे त्याला येते तेच परीक्षेत येत नाही काय. सोपे प्रश्न बरोबर आणि अवघड अर्धवट, असे आहे काय. उत्तरपत्रिकेत खाडाखोड अधिक आणि शेवटचे प्रश्न कोरे आहेत काय, हे पाहावे. अशा खुणा अपुऱ्या अभ्यासाने किंवा नुसत्या भीतीनेही उमटतात. म्हणून तोच मुलगा जेथे शिक्का लागू नाही तेथे कसा वागतो, ही तुलना केल्याखेरीज निष्कर्ष काढू नये.

शिक्षकांसाठी या संशोधनातून आलेली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जेफ्री कोहेन, स्टील आणि ली रॉस यांनी 1999 च्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या निबंधांवर चुका दाखवणारे शेरे दिले. नुसत्या चुका दाखवल्या तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना तपासणारा पक्षपाती वाटला. आधी गोड स्तुती जोडून पाहिली, तरी तो संशय पुरता गेला नाही. मात्र ‘आमची कसोटी कडक आहे, आणि तुमचे लेखन पाहता तुम्ही तिला उतराल असे मला वाटते’, या आशयाचे वाक्य चुकांसोबत आल्यावर त्यांनी त्याच चुका मनावर घेतल्या आणि पुन्हा लिहिण्याची तयारी दाखवली. कसोटी सैल करणे आणि पाठीवर हात फिरवणे यांनी जे साधले नाही, ते कसोटी कडक ठेवून विश्वास दाखवल्याने साधले.

आणि उत्तरपत्रिकेवरील त्या रकान्याचे काय? जात, वंश, लिंग यांची नोंद विषमता मोजण्यासाठी लागते. ती टाकून देणे म्हणजे आजार दिसू नये म्हणून तापमापक फोडणे. पण ती नोंद प्रश्नपत्रिकेच्या तोंडावर, सर्वांसमक्ष, घंटा वाजण्यापूर्वी घेतलीच पाहिजे, असा नियम कोणत्याही शास्त्राने सांगितलेला नाही. ती उत्तरपत्रिका गोळा झाल्यावर घेता येते. त्याने किती मुलांचे गुण वाढतील यावर संशोधक अजून भांडत आहेत.